त्रिकोणासन शिकवण्याच्या प्रात्यक्षिकाचे मूल्यमापन : मांडणी, सुरक्षितता आणि काठिण्य

योगशिक्षक प्रशिक्षणाच्या परीक्षेत प्रशिक्षणार्थीला दोन वेगळ्या गोष्टी कराव्या लागतात. एक, स्वतः आसन करून दाखवणे. दुसरी, ते आसन इतरांना शिकवून दाखवणे. या पाठात आपण फक्त दुसऱ्या भागाचे गुण कसे द्यायचे ते पाहू, आणि त्यासाठी एकच आसन घेऊ : त्रिकोणासन. आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या सामान्य योग अभ्यासक्रमात ते आहे, त्यामुळे तुम्ही कोणत्याही राज्यात शिकत असलात तरी ते तुमच्या परिचयाचे असणार.

परीक्षकाची सर्वांत नेहमीची गल्लत म्हणजे नजर चुकीच्या माणसावर ठेवणे. प्रशिक्षणार्थी लवचीक असेल, त्याचे आसन देखणे असेल, तर आपण त्याच्याकडेच पाहत राहतो. गुण मात्र त्याच्या शरीराला द्यायचे नसतात. समोरच्या शिकणाऱ्यांच्या शरीरात त्याच्या शब्दांनी काय बदल झाला, याला द्यायचे असतात. म्हणून परीक्षकाने वर्गाच्या बाजूला, शिकणाऱ्यांचे पाय आणि गुडघे स्पष्ट दिसतील अशा जागी बसावे. जमिनीवर मांडी घालून बसलात तर आणखी चांगले, कारण त्रिकोणासनातली बरीचशी माहिती कमरेच्या खाली असते.

आधी ठरवायचे : कोणते त्रिकोणासन?

या आसनाची एकच पद्धत नाही. बी. के. एस. अय्यंगार यांच्या १९६६ सालच्या ‘लाइट ऑन योगा’ या पुस्तकात पायांतले अंतर ३ ते साडेतीन फूट सांगितले आहे आणि हात पावलाच्या शेजारी जमिनीकडे नेला आहे. सामान्य योग अभ्यासक्रमात हात पायापर्यंत पोहोचत नसेल तर गुडघ्यापर्यंत नेण्याची सवलत आहे. काही परंपरांत पुढचा गुडघा किंचित वाकवतात. त्यामुळे प्रात्यक्षिकापूर्वीच प्रशिक्षणार्थीला विचारा, ‘तुम्ही कोणती पद्धत शिकवणार?’ आणि मग त्याच पद्धतीच्या कसोटीवर त्याला पाहा. आपल्या गुरूंनी वेगळे शिकवले म्हणून गुण कापणे हे मूल्यमापन नव्हे.

गुडघ्यावरच्या हाताबद्दल मात्र एक बारकावा आहे. गुडघ्यावर हात नुसता टेकवणे आणि धडाचे सगळे वजन त्यावर टाकणे यात मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात गुडघा मागे ढकलला जातो. ‘हात गुडघ्यावर ठेवला तरी चालेल’ एवढेच सांगून थांबणारा प्रशिक्षणार्थी आणि ‘हात फक्त टेकवा, भार पायांवरच राहू द्या’ असे म्हणणारा प्रशिक्षणार्थी यांना सारखे गुण देऊ नका.

चार कड्यांची साखळी

आपण तीन निकष घेऊ : शरीराची मांडणी, सुरक्षितता आणि काठिण्यात बदल. प्रत्येकाला १० गुण. तिन्हींसाठी मोजपट्टी एकच आहे. प्रशिक्षणार्थीने काही पाहिले का, त्याला धरून काही सांगितले का, सांगितल्याने शिकणाऱ्याच्या शरीरात बदल झाला का, आणि तो बदल टिकला की नाही हे त्याने पुन्हा तपासले का. पाठ केलेल्या सूचना म्हणून दाखवल्या, पण समोरच्या वर्गाशी त्यांचा संबंध नव्हता, तर ४ ते ६. पाहिले, सांगितले आणि बदल झाला, तर ७ किंवा ८. तपासणीही केली, तरच ९ किंवा १०. सूचना चुकीची असेल किंवा दिलीच नसेल, तर ३ किंवा त्याहून कमी.

लिहिताना विशेषणे टाळा. ‘सूचना छान’ या नोंदीवरून नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. प्रशिक्षणार्थीचे शब्द जसेच्या तसे लिहा आणि शेजारी शरीरात काय झाले ते लिहा.

एक उदाहरण

समजा, १२ मिनिटांचे प्रात्यक्षिक आहे आणि समोर तिघे शिकणारे आहेत. एक कबड्डी खेळणारा विद्यार्थी, ज्याच्या मांडीचे मागचे स्नायू आखडलेले आहेत. एक भरतनाट्यम करणारी विद्यार्थिनी, अतिशय लवचीक, जिचा गुडघा ताठ केला की सरळ रेषेच्याही मागे जातो. आणि ५८ वर्षांचे एक काका, जे रक्तदाबाची गोळी घेतात.

सुरुवातीला प्रशिक्षणार्थी सगळ्यांना मिळून विचारतो, ‘कुणाला काही त्रास आहे का?’ कुणीच बोलत नाही. हा प्रश्न विचारला जातो खरा, पण त्यातून माहिती क्वचितच मिळते. चारचौघांत कोण आपले दुखणे सांगणार? प्रत्येकाच्या जवळ जाऊन नेमके विचारायला हवे होते : रक्तदाब, चक्कर येणे, कंबरेतून पायात उतरणारी कळ, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया, आणि स्त्रियांना गर्भारपण. काकांचा रक्तदाब चौथ्या मिनिटाला, तेही सहज बोलता बोलता, समजतो. परीक्षकाने वेळेसह याची नोंद केली.

मग पाय पसरणे. तिघांनाही ‘साडेतीन फूट’ सांगितले जाते. विद्यार्थिनीची उंची कमी, तिचे मागचे पाऊल मॅटवरून सरकू लागते. प्रशिक्षणार्थीला ते दिसते. तो म्हणतो, ‘ताई, पाय वीतभर जवळ घ्या, मागच्या टाचेची बाहेरची कड जमिनीत रोवा.’ पाऊल स्थिर होते. पहिल्या तिन्ही कड्या इथे पूर्ण आहेत.

पाचव्या मिनिटाला तो सर्वांना म्हणतो, ‘पुढचा गुडघा ताठ ठेवा.’ कबड्डीपटूचा गुडघा वाकलेला होता, त्याला ही सूचना लागू पडते. विद्यार्थिनीसाठी मात्र ती घातक आहे. तिचा गुडघा लगेच मागे जातो आणि सांध्यावर भार येतो. बाहेरून ही खूण ओळखायची तर बाजूने पाहा : घोटा, गुडघा आणि नितंबाचा सांधा यांची रेषा मागच्या बाजूला धनुष्यासारखी वाकलेली दिसते. प्रशिक्षणार्थी काही सेकंदांनी तिच्याजवळ जातो आणि सांगतो, ‘गुडघा कणभर सैल सोडा. अंगठ्याच्या बुंध्याने जमीन दाबा. आता मांडीचे स्नायू वर ओढा.’ क्रम अचूक आहे. आधी सांध्यावरचा भार काढला, मग स्नायूंना कामाला लावले. गुडघा सरळ रेषेत येतो. पण डावी बाजू करताना तोच गुडघेदोष दुसऱ्या पायात परत येतो आणि त्या वेळी त्याचे लक्ष काकांकडे असते. तपासणीची कडी तुटली. मांडणीला ७ गुण.

इथे एक वादाची जागाही आहे. ‘दोन भिंतींच्या मध्ये उभे आहात असे समजा’ ही त्रिकोणासनातली लोकप्रिय सूचना. तिने धड पुढे झुकत नाही हे खरे. पण ज्यांचा नितंबाचा सांधा बाजूला फारसा उघडत नाही, त्यांना कटी तशी सपाट ठेवताना पुढचा गुडघा आत वळवावा लागतो. मागच्या बाजूची कटी थोडी पुढे वळू दिली की गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेला राहतो. प्रशिक्षणार्थीने यांपैकी काहीही निवडले तरी गुण कापू नयेत; कारण विचारावे, आणि गुडघा कोणत्या दिशेला पाहतो आहे ते पाहावे. माझ्या मते त्रिकोणासनात परीक्षकाने एकच गोष्ट पाहायची झाली तर ती हीच.

आता कबड्डीपटू. त्याचा हात नडगीपर्यंत पोहोचतो, पण छाती जमिनीकडे वळते आणि बैठक मागे जाते. प्रशिक्षणार्थी दोनदा ‘छाती उघडा’ म्हणतो. काहीच बदलत नाही. बदलणारही नाही, कारण अडचण छातीत नसून मांडीच्या मागे आहे. तिसऱ्या वेळी तो लाकडी वीट आणून पुढच्या पावलाच्या बाहेरच्या बाजूला उभी ठेवतो आणि हात तिच्यावर घ्यायला सांगतो. धड वर येते, छाती वळते. मग विचारतो, ‘ताण कुठे जाणवतो?’ विद्यार्थी म्हणतो, ‘मांडीच्या मधोमध.’ हा प्रश्न फार महत्त्वाचा. स्नायूच्या मध्यभागी ताण येणे अपेक्षित आहे. बसण्याच्या हाडाजवळ टोचणे, गुडघ्याच्या आत दुखणे किंवा पायाला मुंग्या येणे ही थांबण्याची खूण आहे.

काठिण्य कमी करणे जमले, वाढवणे मात्र जमले नाही. विद्यार्थिनीला आसन सोपे जात होते; तिला तो म्हणाला, ‘तुम्ही आणखी खाली जा.’ लवचीक शरीराला जास्त खोल जाणे अवघड नसते, स्थिर राहणे अवघड असते. खालचा हात जमिनीपासून बोटभर वर अधांतरी ठेवून पाच श्वास थांबायला सांगितले असते, तर पाय आणि कुशीच्या स्नायूंना खरे काम मिळाले असते. शिवाय वीट देताना त्याने ‘ज्यांना जमत नाही त्यांनी’ असे म्हटले. वीट सुरुवातीलाच सर्वांसमोर ठेवली असती, तर ती कमीपणाची खूण झाली नसती. काठिण्याला ६.

नवव्या मिनिटाला काकांचा जबडा घट्ट होतो, चेहरा लालसर दिसतो. ते श्वास रोखून धरताहेत. प्रशिक्षणार्थी हे पाहतो. ‘काका, वरचा हात कमरेवर घ्या, नजर समोर ठेवा, श्वास चालू द्या.’ चेहरा सैलावतो. रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत श्वास रोखून स्नायू ताणणे टाळायचे असते, म्हणून ही सूचना उत्तम. पण आसन सोडताना तो फक्त ‘आता वर या’ म्हणतो. काका मान पुन्हा वर वळवून झटक्यात उठतात आणि एक पाऊल लडखडतात. नजर खाली, पुढचा गुडघा थोडा वाकवा, पाय जमिनीत दाबून सावकाश या, एवढे तीन तुकडे पुरेसे होते. चौकशी ढिली, मधला प्रतिसाद चांगला, सोडणे निष्काळजी : सुरक्षिततेला ५.

स्पर्शाने दुरुस्ती करण्याचा प्रसंग इथे आला नाही. आला असता, तर आधी परवानगी विचारली का आणि हात आधारासाठी होता की ढकलण्यासाठी, एवढेच पाहायचे होते.

१८ गुणांचा अर्थ

एकूण ३० पैकी १८. निम्म्याहून जास्त आहेत, पण नुसती बेरीज फसवू शकते. समजा एखाद्याला मांडणीत ९, काठिण्यात ८ आणि सुरक्षिततेत ३ मिळाले. बेरीज २०, म्हणजे आपल्या प्रशिक्षणार्थीपेक्षा सरस. तरी मी त्याच्याकडे वर्ग सोपवणार नाही. म्हणून सुरक्षिततेत किमान ५ गुणांची अट वेगळी ठेवावी आणि ती परीक्षेआधीच सांगावी. आपला प्रशिक्षणार्थी या अटीच्या अगदी काठावर उभा आहे.

अशा काठावरच्या निकालासाठी दोन परीक्षक हवेत, आणि त्यांनी एकमेकांशी न बोलता गुण लिहावेत. दोघांत २ गुणांहून जास्त फरक पडला तर चर्चा गुणांवर करू नका, नोंदींवर करा. एकाने काकांचे लडखडणे लिहिले आणि दुसऱ्याच्या कागदावर ते नाहीच, असे बहुधा आढळते. तो त्या क्षणी प्रशिक्षणार्थीकडे पाहत होता. फेरपरीक्षा घ्यायची वेळ आली, तर पूर्ण १२ मिनिटे पुन्हा घेण्याची गरज नाही. सुरुवातीची चौकशी आणि दोन्ही बाजूंनी आसन सोडवणे, एवढे दोनच भाग नव्या शिकणाऱ्यांसह करून घ्यावेत.