मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत रुग्णाला नेमके काय जाणवते?

नवी दिल्ली : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की रुग्णाच्या मनात वेदनेच्या भीतीबरोबरच आणखी एक धास्ती घर करते. डोळा उघडा असणार आणि आपण जागे असणार, मग डोळ्यावर येणारे शस्त्र आपल्याला दिसणार काय? या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की शस्त्र शस्त्राच्या रूपात दिसत नाही. दिसतो तो प्रखर प्रकाश आणि त्यात हलणारे रंग व सावल्या. कापल्याची वेदना सहसा होत नाही, परंतु स्पर्श, दाब आणि पाण्याचा ओघ मात्र जाणवतो. गुंतागुंत नसल्यास शस्त्रक्रियेचा मुख्य भाग १० ते २० मिनिटांत आटोपतो.

या अनुभवामागचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याचा सर्वांत पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भागांपैकी एक आहे. धुळीचा एक कणही तेथे सहन होत नाही. याउलट, ज्या नैसर्गिक भिंगात मोतीबिंदू होतो, त्यात ना मज्जातंतू असतात ना रक्तवाहिन्या. ते भिंग फोडले किंवा बाहेर काढले तरी ते स्वतः दुखत नाही. म्हणजे पारपटल बधिर केले की वेदनेचा मोठा भाग टळतो. व्हिएन्नातील कार्ल कोलर या तरुण डॉक्टरांनी १८८४ मध्ये कोकेनच्या द्रावणाने डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो, हे दाखवून दिले. त्यापूर्वी डोळ्यावरील शस्त्रक्रिया ही रुग्णाला घट्ट धरून करण्याची गोष्ट होती. आज कोकेनची जागा प्रोपॅराकेन किंवा लिग्नोकेन यांसारख्या औषधांनी घेतली आहे.

मात्र या दोन भागांच्या मधोमध परितारिका आहे. बाहुलीभोवतीचा हा रंगीत पडदा संवेदनशील असतो आणि केवळ पृष्ठभागावरच्या थेंबांनी तो पूर्णपणे बधिर होत नाही. शस्त्रक्रियेत जो दाब किंवा बोथट कळ जाणवते, ती मुख्यतः याच भागातून येते.

टेबलावर जाण्यापूर्वी

फेको पद्धतीने, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून, उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या ६५ वर्षांच्या रुग्णाचे नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. सकाळी साडेआठला रुग्णालयात पोहोचल्यावर बाहुली मोठी करणारे थेंब काही मिनिटांच्या अंतराने अनेकदा घातले जातात. हे थेंब किंचित चुरचुरतात. तासाभरात जवळचे दिसेनासे होते आणि उजेड सहन होत नाही. प्रतीक्षेच्या तुलनेत शस्त्रक्रियेचा वेळ अगदी थोडा असतो. दोन-तीन तास रुग्णालयात जातात आणि त्यातील पाव तासच शस्त्रक्रियेचा असतो.

दहाच्या सुमारास बधिर करणारे थेंब घातले जातात. पहिला थेंब काही सेकंद जळजळतो आणि साधारण अर्ध्या मिनिटात डोळा जड, परका वाटू लागतो. प्रोपॅराकेनचा परिणाम १५ ते २० मिनिटेच टिकत असल्याने हे थेंब पुन्हा घालावे लागतात. त्यानंतर पापण्या व भोवतालची त्वचा तपकिरी रंगाच्या पोव्हिडोन आयोडीनने पुसली जाते आणि त्याचेच सौम्य द्रावण डोळ्यातही घातले जाते. जंतुसंसर्ग टाळण्याचा हा अत्यंत महत्त्वाचा टप्पा असल्याने ते दोन-तीन मिनिटे डोळ्यात राहू दिले जाते.

मग चेहऱ्यावर निर्जंतुक आच्छादन येते आणि फक्त एक डोळा उघडा राहतो. अनेकांना याच क्षणी गुदमरल्यासारखे वाटते. त्यासाठी आच्छादनाखाली प्राणवायूची नळी ठेवता येते. बंद खोलीत जीव घाबरतो, असा अनुभव असलेल्यांनी ते आधीच सांगावे. यानंतर पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा बारीक चाप बसवला जातो. थेंबांनी डोळा बधिर होतो, पापण्यांची त्वचा नव्हे. त्यामुळे हा ताण स्पष्टपणे जाणवतो. डोळा मिटण्याची प्रबळ इच्छा होते, पण मिटता येत नाही. पापण्या आवळल्या तर ताण वाढतो. दोन्ही डोळे सैल ठेवले तर तो काही क्षणांत ओसरतो.

प्रकाशाखालची पंधरा मिनिटे

आता सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश डोळ्यावर येतो. मोठी झालेली बाहुली आकुंचन पावू शकत नसल्याने पहिले अर्धे-एक मिनिट तो असह्य वाटतो. त्यामुळे अनेक शल्यविशारद सुरुवातीला प्रकाश मंद ठेवतात. काही वेळाने डोळा त्याला सरावतो. थेंबांची भूल दृष्टीच्या मज्जातंतूवर परिणाम करत नाही, म्हणून रुग्णाला दिसत राहते. परंतु वस्तूची आकृती दिसण्यासाठी तिची प्रतिमा दृष्टिपटलावर नीट केंद्रित व्हावी लागते. पारपटलाला टेकलेले किंवा डोळ्याच्या आत गेलेले उपकरण त्यासाठी फारच जवळ असते. त्यामुळे त्याची धारदार आकृती न दिसता धूसर सावली तेवढी सरकल्यासारखी भासते.

पहिला छेद सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरचा असतो आणि त्याला टाक्याची गरज सहसा पडत नाही. तो घेतला जात असताना कोणीतरी बोटाने हलके दाबावे, एवढेच जाणवते. पुढे डोळ्याच्या आत थोडे लिग्नोकेन सोडले जाऊ शकते. ते परितारिकेला बधिर करते. मग भिंगावरील पातळ आवरणात सुमारे पाच मिलिमीटरचे गोल द्वार उघडले जाते. हा भाग अतिशय नाजूक असला, तरी रुग्णाला तो जवळजवळ कळतच नाही.

यानंतर यंत्राचा आवाज सुरू होतो. फेकोच्या नळीचे टोक सेकंदाला हजारो वेळा कंप पावते. त्याने भिंगाचे तुकडे होतात आणि ते शोषून घेतले जातात. नळीवाटे सतत द्रव आत येत असल्याने डोळा आतून फुगल्यासारखा, दाबल्यासारखा वाटतो. कानशिलावरून थंड पाणी ओघळते. ते रक्त असावे, असे वाटून काही रुग्ण घाबरतात. प्रत्यक्षात ते स्वच्छ क्षारयुक्त द्रावण असते. यंत्राचे सूर बदलतात, तो शल्यविशारदाला मिळणारा संकेत असतो. सूर बदलला म्हणजे काही बिघडले, असे नव्हे.

दृश्य अनुभव याच टप्प्यात सर्वाधिक बदलतो. निळे, गुलाबी, पिवळे रंग एकमेकांत मिसळतात, तुकडे फिरताना सावल्या वाहताना दिसतात. कित्येकांना हे मनोरम वाटते, काहींना भीती वाटते. रंग व हालचाल दिसेल, हे आधी सांगितलेल्या रुग्णांमध्ये ही भीती कमी आढळते, असे या विषयावरील अभ्यासांतून समोर आले आहे. शेवटी घडी घातलेले कृत्रिम भिंग आत सोडले जाते आणि ते उलगडते. त्या क्षणी पुन्हा थोडा दाब जाणवतो. छेदाच्या कडांना द्रव देऊन त्या फुगवून बंद केल्या जातात आणि चाप निघतो.

दुखले तर, खोकला आला तर

भिंगामागचे आवरण मध्यभागी केवळ काही सहस्रांश मिलिमीटर जाड असते. नळी त्याच्या जवळ असताना डोके अचानक हलले, तर ते फाटू शकते. म्हणून खोकला, शिंक किंवा पाय आखडल्याची जाणीव होताच रुग्णाने हालचाल न करता आधी तोंडाने सांगायचे असते. शल्यविशारद उपकरण बाहेर घेतात आणि मग खोकता येते. हात डोळ्याकडे नेणे मात्र कटाक्षाने टाळावे. दाब नव्हे तर तीक्ष्ण वेदना जाणवली, तरी सहन करत राहू नये. अधिक थेंब किंवा डोळ्याभोवती आणखी भूल देण्याचा पर्याय असतो.

आवरण फाटले, तर शस्त्रक्रिया लांबते. डोळ्यातील जेलीसारखा द्रव स्वच्छ करावा लागतो, भिंग वेगळ्या जागी बसवावे लागू शकते आणि कधी टाकेही घालावे लागतात. रुग्णाला हे मुख्यतः वेळेवरून आणि डॉक्टरांच्या बोलण्यावरून समजते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन हे औषध घेणाऱ्यांची परितारिका शस्त्रक्रियेत सैल पडते. त्यामुळे हे औषध सुरू असल्याचे किंवा पूर्वी घेतल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

अतिपक्व, कडक मोतीबिंदूत आणि अनेक नेत्रशिबिरांत लहान छेदाची हाताने करावयाची पद्धत वापरली जाते. त्यात छेद सुमारे सहा मिलिमीटरचा असतो आणि भूल बहुधा डोळ्याभोवती इंजेक्शनने दिली जाते. सुई टोचल्याची कळ व नंतरचा दाब एवढीच त्यातील मोठी वेदना असते. त्यानंतर डोळा हलत नाही, प्रकाश अंधूक होतो आणि काही रुग्णांना काही काळ त्या डोळ्याने काहीच दिसत नाही. दृष्टी गेली, अशी शंका येते. परंतु भूल उतरली की ती परत येते.

भूल उतरल्यावर

थेंबांची भूल तासाभरात ओसरते. त्यानंतर डोळ्यात वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी येते. बाहुली मोठीच असल्याने त्या दिवशी धूसर दिसणे स्वाभाविक असते. तीव्र प्रकाशानंतर काही काळ जग गुलाबी छटेचे भासू शकते. पुढील दिवसांत पांढरा रंग निळसर वाटतो, कारण पिवळे पडलेले जुने भिंग आता नसते.

हे खुपणे दर दिवसाला कमी होत जायला हवे. त्याऐवजी वेदना व लाली वाढत गेली किंवा सुधारलेली नजर पुन्हा मंदावली, तर तो आतील जंतुसंसर्गाचा इशारा असू शकतो. तो बहुधा पहिल्या आठवड्यात प्रकटतो. अशा वेळी पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेत अधिक दुखले, अशी तक्रार अनेक रुग्ण करतात आणि अभ्यासांतही तसे आढळले आहे. पहिल्या वेळी काहीतरी भयंकर घडणार, या धास्तीपुढे प्रत्यक्ष दाब क्षुल्लक वाटतो. दुसऱ्या वेळी धास्ती कमी असते आणि लक्ष दाबाकडे जाते, हे त्याचे एक कारण मानले जाते. त्यामुळे दुसऱ्या वेळी अधिक जाणवले, एवढ्यावरून शस्त्रक्रिया बिघडली, असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही.