जोडलेल्या हातांचे अर्थ

🙏 हे चित्रचिन्ह, म्हणजेच इमोजी, २०१० साली युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात आले, तेव्हा त्याच्या अधिकृत नावात केवळ जोडलेल्या हातांचे वर्णन होते. नमस्कार, प्रार्थना की आभार, हे ठरवलेले नव्हते.

सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेच्या शुभेच्छा कुटुंबाच्या गटावर येतात, तेव्हा आजोबांसाठी हे चिन्ह बहुधा सिद्धरामेश्वरांना केलेला नमस्कारच असते, तर नातवंडे त्याच चिन्हाने ‘प्लीज’ किंवा ‘थँक्स’ म्हणतात.

असाच 👋 हा हलणारा हातही वडीलधाऱ्यांना अनेकदा निरोपाचा ‘टाटा’ वाटतो, तरुणांना ‘हाय’.

खरी अडचण निधनवार्तेमुळे होते, कारण तिच्याखाली जोडलेले हात श्रद्धांजली ठरतात; म्हणून शुभेच्छा आणि निधनवार्ता लागोपाठ आल्यास चिन्हासोबत दोन शब्द अवश्य लिहावेत.

वाचकांनी आपल्या घरातला अर्थ कळवावा.