दंडघेराची पट्टी आणि दोन आलेख

मेळघाटातील धारणी व चिखलदरा हे तालुके आमच्या अमरावती जिल्ह्यातच आहेत. तेथील कुपोषणाविषयी आपण सर्वच वैद्यवर्ग जाणून आहोत. बालकाचे कुपोषण ओळखण्यासाठी त्याच्या डाव्या दंडाच्या मध्यभागी रंगीत पट्टी गुंडाळतात. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकाचा दंडघेर ११.५ सेंमीहून कमी भरल्यास तीव्र कुपोषण समजावे, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये सांगितली. ती १२.५ वर नेल्यास कुपोषित बालके अधिक सापडतील, परंतु सुदृढ बालकेही अधिक धरली जातील.

ही देवघेव आरओसी वक्रावर दिसते. मर्यादा थोडी थोडी सरकवावी व प्रत्येक ठिकाणी एक बिंदू मांडावा. सुदृढांपैकी किती चुकून धरले गेले, ते आडव्या अक्षावर आणि कुपोषितांपैकी किती सापडले, ते उभ्या अक्षावर येते. वक्र डाव्या वरच्या कोपऱ्याला जितका लगटून जाईल तितकी कसोटी सरस; तो कर्णावर पडला तर ती नाणेफेकच होय. वक्राखालील क्षेत्रफळ म्हणजे एयूसी. एयूसी ०.९५ असेल, तर एक कुपोषित व एक सुदृढ बालक यदृच्छेने निवडल्यास १०० पैकी ९५ वेळा कुपोषिताचाच दंडघेर कमी भरेल. याचा अर्थ ‘निदान ९५ टक्के अचूक’ असा मात्र नव्हे. तपासणी-संचाचे माहितीपत्रक वाचताना औषधालयचालकांनी हा भेद ध्यानी ठेवावा.

आता हिशेबासाठी १००० बालके घेऊ. त्यांत तीव्र कुपोषित २०, उर्वरित ९८०. एका मर्यादेवर २० पैकी १८ सापडली व सुदृढांपैकी दहा टक्के, म्हणजे ९८, चुकून धरली गेली. आरओसीवर हा बिंदू कोपऱ्याजवळ, देखणा दिसतो. प्रत्यक्षात धरलेल्या ११६ बालकांत खरी कुपोषित १८च, म्हणजे सुमारे १६ टक्के! कुपोषित २०० असती, तर त्याच बिंदूला १८० खरी व ८० चुकीची मिळून हे प्रमाण ६९ टक्के झाले असते. आरओसीवरील बिंदू मात्र तसूभरही हलला नसता, कारण त्याचे दोन्ही अक्ष आपापल्या गटापुरतेच मोजतात.

प्रिसिजन-रिकॉल वक्र हेच उघड करतो. रिकॉल म्हणजे कुपोषितांपैकी सापडलेले, तर प्रिसिजन म्हणजे धरलेल्यांपैकी खरे. मर्यादा कडक करून १४ खरी व १० चुकीची धरली, तर रिकॉल ९० वरून ७० टक्क्यांवर उतरतो, पण प्रिसिजन १६ वरून ५८ वर चढते. सहा बालके निसटू द्यावीत, की अठ्ठ्याण्णव जणांची वजन-उंची पुन्हा मोजावी, हा निर्णय वैद्याचा. आमच्या मते येथे पुन्हा मोजणेच योग्य. कारण निसटलेल्या बालकाच्या जिवाला धोका असतो.

या वक्राची पायरेषा ०.५ नसून रोगाच्या प्रमाणाएवढी, येथे ०.०२, असते. म्हणूनच धारणीत काढलेला वक्र अकोला शहरातील बाह्यरुग्ण विभागास जसाच्या तसा लावता येत नाही. तेथील प्रमाण घेऊन तो पुन्हा काढावा लागतो. शिवाय दंडघेर व उंचीनुरूप वजन या दोन कसोट्या नेहमी तीच बालके निवडत नाहीत. ‘खरा कुपोषित’ कोणत्या मापाने ठरवला, ते आलेख पाहण्याआधी विचारावे.