‘हे ६२ टक्के कशाचे?’

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांमध्ये एक प्रकल्प दर वर्षी असतोच: मातीतला ओलावा ओळखून आपोआप पाणी देणारी यंत्रणा. कुंडीत रोवलेला दोन दातांचा सेन्सर, आर्डुइनो उनो बोर्ड, एक रिले, बारा व्होल्टचा लहानसा पंप आणि वर एलसीडीचा डिस्प्ले. मुलं जीव ओतून जोडणी करतात. व्हायव्हाच्या दिवशी डिस्प्लेवर ‘ओलावा ६२%’ अशी अक्षरं उमटतात, बाहेरून आलेले परीक्षक चष्मा सावरून विचारतात, “हे ६२ टक्के कशाचे?” आणि गट गप्प होतो.

गेली काही वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसतो. हा प्रश्न मी स्वतः अनेकदा विचारला आहे, आणि तो अडवायला विचारलेला नसतो. त्याचं उत्तर ज्याला देता येतं, त्याला आपला प्रकल्प कळलेला असतो. म्हणून तयारीही याच प्रश्नापासून करावी.

आधी तो आकडा येतो कुठून ते पाहू. सेन्सरच्या दोन दातांमधून मातीतून थोडी वीज वाहते. माती ओली असेल तर ती सहज वाहते, कोरडी असेल तर अडते. त्यानुसार बदलणारं व्होल्टेज आर्डुइनो मोजतो आणि शून्य ते पाच व्होल्टची पट्टी ० ते १०२३ अशा आकड्यांत मांडतो. या सेन्सरचं वाचन उलटं असतं: कोरड्यात आकडा मोठा, ओल्यात लहान. समजा, सेन्सर हवेत धरला तेव्हा १०२३ आले आणि पाण्याच्या पेल्यात बुडवला तेव्हा ३००. मुलांनी १०२३ म्हणजे शून्य टक्के आणि ३०० म्हणजे शंभर टक्के असं ठरवून टाकलं. मग कुंडीत ५७५ आले, की डिस्प्लेवर ६२ दिसणार.

म्हणजे हे ६२ टक्के मातीतल्या पाण्याचे नाहीतच. कोरडी हवा आणि पेल्यातलं पाणी या दोन टोकांच्या मध्ये आपण कुठे आहोत, एवढंच तो आकडा सांगतो. प्रामाणिक उत्तर हेच, आणि ते याच शब्दांत द्यावं.

पण एवढ्यावर थांबू नये. खरा ओलावा किती होता हे मोजता येतं आणि त्याला महागडं उपकरण लागत नाही. सेन्सर रोवला होता तिथलीच शंभर ग्रॅम माती घ्यायची आणि १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवायची. स्थापत्य विभागाच्या प्रयोगशाळेत असा ओव्हन बहुतेक असतो. नंतर तीच माती ऐंशी ग्रॅम भरली, तर वीस ग्रॅम पाणी उडालं. कोरड्या मातीच्या वजनाशी त्याचं प्रमाण २५ टक्के. डिस्प्ले ६२ म्हणतो, वजनकाटा २५ म्हणतो. अशी पाच-सहा वाचनं वेगवेगळ्या ओलाव्याला घेऊन वहीत तक्ता केला, तर गट परीक्षकांना सांगू शकतो, “सर, आमचा आकडा टक्के नाही, पण या कुंडीतल्या मातीसाठी कोणता आकडा म्हणजे खरा किती ओलावा, ते आम्ही काढलं आहे.” मी तरी अशा वहीला डिस्प्लेपेक्षा जास्त गुण देतो.

पुढचा प्रश्न ठरलेला: “माती बदलली तर?” तक्ता निरुपयोगी होतो, हे सांगून टाकावं. कारणही सोपं आहे. सेन्सर पाणी मोजत नाही, वीज किती सहज वाहते ते मोजतो, आणि त्यात मातीतले क्षारही आले. घरी करून पाहा. पेल्यात साधं पाणी घ्या, आकडा लिहा, मग चिमूटभर मीठ टाका. पाणी तेवढंच, आकडा मात्र खाली येतो. रासायनिक खत घातल्यावर कुंडीत हेच घडतं, माती आहे त्याहून ओली भासते. हा पेला व्हायव्हाला सोबत नेला तरी चालेल.

“हा सेन्सर शेतात किती दिवस टिकेल?” असं विचारलं, तर ‘वर्षभर’ म्हणू नका. दातांमधून सतत एकाच दिशेने वीज वाहत राहिली, की ओल्या मातीत एका दाताचा मुलामा विरघळत जातो. काही आठवड्यांत तो डोळ्यांनी दिसतो: एक दात काळा-हिरवा पडतो, दुसरा बराच चांगला राहतो. यावर अर्धा उपाय आहे. सेन्सरला कायम वीज न देता आर्डुइनोच्या पिनेवरून फक्त वाचनापुरती द्यायची:

```
digitalWrite(7, HIGH);
delay(100);
int v = analogRead(A0);
digitalWrite(7, LOW);
```

दहा मिनिटांतून एकदा वाचलं, तर झीज खूपच मंदावते, थांबत मात्र नाही. मातीला धातू उघडा न लागणारा कपॅसिटिव्ह सेन्सर घेणं हा जास्त चांगला मार्ग. तो का घेतला नाही, याचं खरं कारण ‘हाच सेन्सर हाताशी होता’ असं असेल, तर तेच सांगावं.

पंप सुरू होताच डिस्प्ले विझून पुन्हा ‘वेलकम’ दाखवतो, हा प्रकार परीक्षकांसमोर हमखास होतो. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. बोर्ड आणि पंप एकाच सप्लायवर असले, की व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. खात्री करायची तर पंपाची वायर काढून नुसता रिले वाजवून पाहा. आता डिस्प्ले विझत नसेल, तर दोष पंपाच्या बाजूला आहे. पंपाला वेगळा सप्लाय द्या आणि मोटरच्या टोकांवर उलटा डायोड लावा, कारण मोटर बंद होतानाही झटका देते.

आता राहिला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. तो फार थोडे परीक्षक विचारतात, म्हणून गटानेच तो स्वतःला विचारून ठेवावा: सेन्सरची वायर तुटली तर काय होईल? दातांमधून वीज वाहायची थांबली, की वाचन १०२३ वर जातं. प्रोग्रामला वाटतं, माती ठणठणीत कोरडी आहे. पंप सुरू होतो आणि बंद होत नाही. कुंडीत फरशी ओली होईल, शेतात रात्रभरात टाकी रिकामी होईल.

हजाराच्या वरचं वाचन म्हणजे बिघाड असं धरून पंप थांबवावा, असं मुलं चटकन सुचवतात. पण आपल्याकडच्या काळ्या मातीत तेही पुरत नाही. उन्हाळ्यात ती आकसते, भेग नेमकी सेन्सरजवळ पडली तर दातांभोवती हवाच उरते, आणि वाचन पुन्हा १०२३ च्या आसपास. तुटलेली वायर आणि तहानलेली जमीन या एका आकड्यावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. ही या प्रकल्पाची खरी मर्यादा आहे आणि ती अहवालात स्वतंत्र परिच्छेदात यायला हवी.

तोवर करता येण्याजोगं एक आहे. पंप सलग दोन मिनिटांहून जास्त चालू द्यायचा नाही. तेवढ्यात वाचन बदललं नाही, तर पंप बंद करून लाल दिवा लावायचा आणि माणसाने येऊन पाहीपर्यंत तसंच थांबायचं. एका गटाने हे माझ्यासमोर करून दाखवलं होतं. मुलीने न विचारता सेन्सरची वायर उपसली, पंप सुरू झाला, ती म्हणाली, “सर, दोन मिनिटं थांबा,” आणि आम्ही सगळे घड्याळाकडे बघत पंप बंद होण्याची वाट पाहत राहिलो.