एक कुर्ता, बारा पर्याय. ऑनलाइन नोंद कशी कराल?

अहिल्यानगरच्या कापड बाजारात गिऱ्हाईक एक कुर्ता हातात घेते आणि विचारते, ‘यात निळा आहे का, एल साइजमध्ये?’ ऑनलाइन दुकानातही हीच सोय हवी.

तीन रंग आणि चार साइज म्हणजे बारा पर्याय. प्रत्येकाचे वेगळे पान केले, तर ग्राहकांचे अभिप्राय बारा ठिकाणी विखुरतात. म्हणून ॲमेझॉनवर आधी ‘पॅरेंट’ नोंद करतात. ती विकली जात नाही. तिला किंमत किंवा साठा नसतो. ते तिच्याखालच्या बारा ‘चाइल्ड’ नोंदींना द्यायचे. वेगळ्या डिझाइनचा कुर्ता मात्र या पॅरेंटखाली घालू नका.

प्रत्येक चाइल्डला स्वतःचा ‘एसकेयू’, म्हणजे मालाची खूण लागते. क्रम एकच ठेवा: माल, डिझाइन, रंग, साइज.

```
KRT-101
KRT-101-BLK-M
KRT-101-BLU-M
```

पहिली ओळ पॅरेंट, बाकी चाइल्ड. रंगासाठी नुसते `BL` लिहिले, तर पॅकिंग करणाऱ्याला काळा की निळा हे कळत नाही. चुकीचा रंग गेला की माल परत येतो. ॲमेझॉनवर दिलेला एसकेयू नंतर बदलता येत नाही, नोंद काढून नव्याने करावी लागते. म्हणून बाराही नावे आधी कागदावर लिहून तपासा.