चौकट : ५ जुलैचा व्हिडिओ ४ जुलैला कसा?

दिवस कुठला? यूट्यूब अॅनालिटिक्सचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री बदलतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळी वेळेत दुपारचे १२.३० आणि हिवाळ्यात १.३० वाजलेले असतात. समजा, माणच्या मेट्रो डेपोवरचा व्हिडिओ ५ जुलै २०२५ ला सकाळी १० वाजता टाकला. पहिल्या अडीच तासांचे व्ह्यूज ४ जुलैच्या ओळीत जातील. दिवसवार फाइलमध्ये तास नसतात, त्यामुळे ही ओळ नंतर सरकवता येत नाही. म्हणून ‘पहिला दिवस’ सोडून सलग सात पूर्ण दिवसांची बेरीज ताडून पाहावी.

तारीख की महिना? दुसऱ्या व्यासपीठाची फाइल महिना आधी लिहीत असेल, तर ४ जुलै म्हणजे `07/04/2025`. भारतीय सेटिंगचे एक्सेल ते मुकाट्याने ७ एप्रिल समजते. `07/13/2025` मात्र त्याला तारीख वाटत नाही. ही नोंद मजकूर म्हणून डावीकडे चिकटते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की गडबड नक्की. उजवीकडच्या तारखाच जास्त घातक, कारण त्या बरोबर दिसतात. फाइल थेट न उघडता आयात करावी, रकान्याला `MDY` सांगावे आणि पुढे सगळीकडे `2025-07-04` हीच मांडणी ठेवावी.

डॉलर की रुपये? मूळ रक्कम पुसू नये. चलन, वापरलेला दर आणि रुपये यांचे वेगळे रकाने करावेत. एका तुलनेत सर्व फाइलींना एकाच तारखेचा दर लावावा.