फॅमिली पेन्शन : आधी निम्मी, मग तीस टक्के

पतीच्या निधनानंतर काही वर्षे नियमितपणे जमा होणारी पेन्शन एखाद्या महिन्यात अचानक कमी झालेली दिसते, तेव्हा घरातली बाई गोंधळून जाते. बँकेची चूक झाली असेल, एखादा कागद द्यायचा राहून गेला असेल, असे तिला वाटते. मुलगा पासबुक घेऊन बँकेत जातो आणि खिडकीपलीकडचा कारकून शांतपणे सांगतो, ''आईंच्या वाढीव दराची मुदत संपली. आता यापुढे एवढीच मिळणार.''

बहुतेक वेळा कारकुनाचे म्हणणे खरे असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या पेन्शनचे दोन दर आहेत. सुरुवातीची काही वर्षे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि त्यानंतर ३० टक्के. पहिल्याला वाढीव दर म्हणतात, दुसऱ्याला साधा दर. कोणता दर कधीपर्यंत, हे पहिल्या दिवसापासूनच ठरलेले असते. अडचण एवढीच, की घरात ते कुणाला ठाऊक नसते.

शेवटचा पगार म्हणजे कोणता?

पगार म्हटला की हातात पडणारी रक्कम डोळ्यांसमोर येते. पेन्शनच्या हिशेबात मात्र पगार म्हणजे मूळ वेतन. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता यांतले काहीही त्यात धरत नाहीत. सरकारी डॉक्टरांना खाजगी व्यवसाय न करण्याबद्दल जो भत्ता मिळतो, तो तेवढा धरला जातो. म्हणून ज्याला महिन्याला नव्वद हजार मिळत होते, त्याच्या पत्नीला पंचेचाळीस हजार मिळतील असे मानणे फसवे ठरते. त्याचे मूळ वेतन ५२,००० असेल, तर वाढीव दराने २६,००० रुपये आणि साध्या दराने १५,६०० रुपये एवढीच मूळ पेन्शन होते. त्यावर त्या त्या वेळचा महागाई भत्ता वेगळा मिळतो. निवृत्तांच्या बाबतीत त्याला महागाई दिलासा असे म्हणतात.

हा ३० टक्क्यांचा एकसारखा दर १ जानेवारी १९९६ पासून आला. त्याआधी पगाराच्या टप्प्याप्रमाणे वेगवेगळे दर होते. केंद्र सरकारची कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना १९६४ सालची. कर्ता माणूस गेल्यावर सुरुवातीच्या वर्षांत कुटुंबावरचा भार सर्वांत जास्त असतो. मुलांची शिक्षणे, लग्ने, डोक्यावरचे कर्ज हे सगळे तेव्हाच उभे असते. वाढीव दर त्या काळासाठी आहे.

मृत्यू नोकरीत झाला की निवृत्तीनंतर?

वाढीव दर किती वर्षे मिळणार, हे या एका प्रश्नावर अवलंबून असते.

कर्मचारी नोकरीत असताना गेला, तर मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून पूर्ण दहा वर्षे ५० टक्के मिळतात. इथे वयाची अट नाही. तो बत्तिसाव्या वर्षी गेला काय किंवा एकोणसाठाव्या वर्षी, मुदत दहा वर्षांचीच. ही दहा वर्षांची सवलत १ जानेवारी २००६ पासून आहे.

पूर्वी यात एक जाचक अट होती. कर्मचाऱ्याची नोकरी सलग सात वर्षे झालेली नसेल, तर वाढीव दर मिळतच नसे. म्हणजे नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाच्या पत्नीला, जिच्या पदरात लहान मूल असायचे, तिला पहिल्या दिवसापासून कमी दर. १ ऑक्टोबर २०१९ पासून ही अट काढून टाकण्यात आली. त्या तारखेच्या आधीच्या दहा वर्षांत ज्यांचे निधन झाले, त्यांच्या कुटुंबांनाही १ ऑक्टोबर २०१९ पासून उरलेल्या काळासाठी वाढीव दर देण्याची तरतूद झाली. असे एखादे कुटुंब ओळखीत असेल आणि त्यांना सुरुवातीपासून साधाच दर मिळाला असेल, तर जुन्या कार्यालयात चौकशी करायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर हिशेब बदलतो. तेव्हा वाढीव दर सात वर्षे किंवा मृत व्यक्तीला ६७ वर्षे पूर्ण झाली असती तो दिवस, यांतले जे आधी येईल तोपर्यंतच मिळतो. १९९८ साली केंद्रात निवृत्तीचे वय ५८ वरून ६० झाले, तेव्हा ही आधीची ६५ ची मर्यादाही ६७ वर गेली.

लोकांच्या लक्षात 'सात वर्षे' राहतात आणि '६७' विसरले जाते. खरे तर साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्यांच्या बाबतीत नेहमी ६७ ची मर्यादाच आधी येते. निवृत्त माणूस ६१ व्या वर्षी गेला तर पत्नीला सहा वर्षे वाढीव दर, ६५ व्या वर्षी गेला तर दोन वर्षे आणि ६८ व्या वर्षी गेला तर एक दिवसही नाही, पहिल्या महिन्यापासून ३० टक्के. पूर्ण सात वर्षे मिळतात ती लवकर स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांच्या घरी. पन्नाशीत निवृत्त होऊन पंचावन्नाव्या वर्षी कुणी गेला, तर पत्नीला त्याच्या ६२ व्या वर्षापर्यंत वाढीव दर मिळतो.

आणखी एक मर्यादा आहे. निवृत्तीनंतरच्या मृत्यूत वाढीव दराची रक्कम त्या व्यक्तीला निवृत्तीच्या वेळी मंजूर झालेल्या पेन्शनपेक्षा जास्त होऊ शकत नाही.

एक हिशेब

समजा, १५ जून १९६० रोजी जन्मलेले एक गृहस्थ ३० जून २०२० ला निवृत्त झाले. शेवटचे मूळ वेतन ५२,००० रुपये. पेन्शन मंजूर झाली २६,०००. त्यांनी त्यातली ४० टक्के पेन्शन विकून एकरकमी पैसे घेतले. म्हणून दरमहा १०,४०० रुपये कापले जाऊन मूळ पेन्शन १५,६०० हातात येऊ लागली. महागाई दिलासा मात्र पूर्ण २६,००० वरच मिळत राहतो. सोयीसाठी तो ५० टक्के धरू, म्हणजे १३,०००. एकूण २८,६०० रुपये.

१० मार्च २०२३ ला ते वारले. दुसऱ्या दिवसापासून पत्नीची पेन्शन सुरू झाली. पतीने विकलेल्या भागाची कपात पत्नीच्या पेन्शनमधून होत नाही. त्यामुळे तिला पूर्ण २६,००० आणि त्यावर १३,००० असे ३९,००० रुपये मिळू लागतात. पती हयात असताना घरात येत होते, त्यापेक्षा १०,४०० रुपये जास्त!

इथेच गफलत होते. ही रक्कम कायमची आहे असे समजून घरचा खर्च बेतला जातो. पण पतीला ६७ वर्षे पूर्ण झाली असती ती तारीख जून २०२७ च्या मध्यात येते. सात वर्षे मोजली असती तर मार्च २०३० आला असता, पण जून २०२७ आधीचा, म्हणून तोच खरा. त्यानंतर मूळ पेन्शन १५,६०० होते. महागाई दिलासाही आता या कमी रकमेवरच मिळतो, म्हणजे १३,००० ऐवजी ७,८००. एकूण २३,४०० रुपये. ३९,००० वरून एकदम २३,४००. पन्नासचे तीस टक्के झाले म्हणजे वीसच टक्के घटले, असे ऐकायला वाटते. प्रत्यक्षात हातातल्या दर शंभर रुपयांतले चाळीस जातात.

त्या बाईंच्या वाट्याला वाढीव दराचे एक्कावन्न महिने आले. दोन दरांमधला नुसता मूळ फरक दरमहा १०,४०० धरला, तरी या काळात तो ५ लाख ३० हजारांवर जातो. घरखर्च पहिल्यापासून साध्या दरात बसवला आणि वरची रक्कम मुलीच्या शिक्षणासाठी, कर्जफेडीसाठी किंवा आवर्त ठेवीत वळवली, तर जून २०२७ चा महिना त्या घराला जड जाणार नाही.

तारीख कुठे सापडते?

पेन्शनच्या आदेशात, ज्याला सगळे पीपीओ म्हणतात, पतीच्या पेन्शनबरोबरच पत्नीच्या पेन्शनचे दोन्ही दर लिहिलेले असतात. वाढीव दर किती व कधीपर्यंत आणि साधा दर किती. वेतन आयोगानंतर पेन्शन सुधारून मिळाली असेल, तर सुधारित आदेश पाहावा, जुन्या आदेशातली रक्कम धरू नये.

पत्नीचे नाव आदेशात असेल आणि पेन्शनचे खाते दोघांचे संयुक्त असेल, तर नवे खाते उघडावे लागत नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत आणि पत्नीच्या जन्मतारखेचा पुरावा बँकेत द्यायचा असतो. जन्मतारखेचा पुरावा नुसता उपचार नव्हे. पत्नीला ८० वर्षे पूर्ण झाली की तिच्या पेन्शनमध्ये २० टक्के वाढ होते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढत जाते. आदेशात तिची जन्मतारीखच नसेल, तर ही वाढ अडकून पडते.

याच वेळी बँक एका हमीपत्रावर सही घेते. जास्त रक्कम चुकून जमा झाली तर ती परत करीन, असे त्यात लिहिलेले असते. हा कागद वाचूनच सही करावी, कारण बँकेची चूक दोन्ही बाजूंनी होते. कधी मुदत संपल्यावरही जुनीच रक्कम जमा होत राहते. कुटुंबाला बरे वाटते, पण काही वर्षांनी हिशेब तपासला जातो आणि वसुली सुरू होते. कधी उलट होते. मृत्यू नोकरीत झालेला असूनही दहाऐवजी सातव्या वर्षीच दर खाली येतो.

चूक ओळखायचा उपाय सोपा आहे. बँकेकडून महिन्याची पेन्शनची पावती मागावी आणि महागाई दिलासा वगळून फक्त मूळ पेन्शनचा आकडा आदेशातल्या आकड्याशी ताडून पाहावा. एकूण रक्कम पाहून काही कळत नाही, कारण महागाई दिलासा वर्षातून दोनदा बदलत असतो.

मुदत मोजताना एक गोष्ट विसरू नये. घड्याळ सुरू होते ते मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी. अर्ज सहा महिने उशिरा दिला, तर मागची थकबाकी मिळते, पण मुदत सहा महिने पुढे सरकत नाही. पत्नीही वाढीव काळात वारली आणि पेन्शन लहान मुलाच्या नावावर गेली, तरी त्याला उरलेली वर्षेच वाढीव दर मिळतो, नव्याने दहा वर्षे नाहीत.

हे सारे केंद्र सरकारच्या जुन्या पेन्शन योजनेतल्या कर्मचाऱ्यांविषयी आहे. राज्य सरकारांचे नियम स्वतंत्र आहेत. महाराष्ट्राचे १९८२ चे आहेत, तेव्हा वयाची आणि वर्षांची मर्यादा आपापल्या खात्यातूनच विचारून घ्यावी. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनचा हिशेब तर अगदीच निराळा असतो.

पतीने निवृत्तीच्या दिवशी एक काम अवश्य करावे. पीपीओच्या मागे पेन्सिलीने स्वतःच्या ६७ व्या वाढदिवसाची तारीख आणि साध्या दराची रक्कम लिहून ठेवावी, आणि तो कागद कोणत्या कपाटात ठेवला आहे तेही पत्नीला दाखवावे.